जुन्या दराने परत येणारं मुद्दल

२६ मार्च २०१९ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेने एक आगळा लिलाव केला. विकायला ना सरकारी रोखे होते, ना सोनं. बँकांनी आपल्याकडचे डॉलर रिझर्व्ह बँकेला द्यायचे, त्या दिवसाच्या दराने रुपये घ्यायचे, आणि तीन वर्षांनी तेवढेच डॉलर परत घेऊन रुपये परत करायचे, असा तो सौदा होता. बोली लागायची ती परतीच्या दरावर. तीन वर्षांनी डॉलर परत घेताना आजच्या दरापेक्षा किती पैसे जास्त देणार, एवढंच बँकांनी सांगायचं. त्या जास्तीच्या पैशांना ‘प्रीमियम’ म्हणतात.

रिझर्व्ह बँकेला ५०० कोटी डॉलर हवे होते, बोली आली १,६३१ कोटी डॉलरची. स्वीकारल्या गेलेल्या बोलींतली सर्वांत कमी बोली होती ७७६ पैसे, म्हणजे डॉलरमागे ७ रुपये ७६ पैसे. सुमारे ५०२ कोटी डॉलर रिझर्व्ह बँकेकडे आले आणि ३४,५६१ कोटी रुपये बँकांच्या हाती पडले.

डॉलर तेव्हा ६८ रुपये ८६ पैशांच्या आसपास होता. त्यात प्रीमियम मिळवला की परतीचा दर होतो ७६ रुपये ६२ पैसे. हा आकडा पाहून पुष्कळांना वाटलं, की तीन वर्षांत रुपया तेवढा घसरेल असा रिझर्व्ह बँकेचा आणि बड्या बँकांचा अंदाज दिसतो. प्रत्यक्षात त्या ७ रुपये ७६ पैशांत भविष्य फारसं नव्हतं. ते प्रामुख्याने व्याज होतं. मात्र ते वेगळं न देता परतीच्या दरात मुरवलेलं होतं.

हे व्याज वेगळं काढून, दर वर्षी ज्याच्या त्याच्या चलनात दिलं, की त्याच सौद्याचं दुसरं रूप तयार होतं. त्याला ‘करन्सी स्वॅप’ म्हणतात. त्यात सुरुवातीला मुद्दलाची अदलाबदल होते, मधल्या काळात दोन्ही बाजू एकमेकांना व्याज देतात, आणि शेवटी मुद्दल परत फिरतं. ते फिरतं सुरुवातीच्याच दराने. मधल्या काळात बाजारात डॉलर कुठेही गेलेला असो.

ही रचना समजायला दोन घरांचा दाखला पुरेसा आहे. एका कुटुंबाचं पुण्यात घर आहे आणि नोकरीसाठी त्यांना तीन वर्षं नागपुरात राहायचं आहे. दुसऱ्या कुटुंबाचं नेमकं उलट. दोघे घरांची अदलाबदल करतात. पुण्यातल्या घराचं भाडं महिना २० हजार आलं असतं, नागपूरच्या घराचं १२ हजार. म्हणून पुण्याच्या घरात राहणाऱ्याने दुसऱ्याला दरमहा ८ हजार द्यायचे. तीन वर्षांनी ज्याचं घर त्याला परत. दरम्यान पुण्यात घरांचे भाव दुप्पट झाले किंवा नागपुरात मेट्रोमुळे वाढले, तरी परत करताना त्याचा हिशोब मांडला जात नाही. ठरलं होतं घर परत करायचं, आणि घरच परत होतं.

फरकाचे पैसे देण्याचे दोन मार्ग आहेत. दरमहा ८ हजार देता येतात, किंवा शेवटी एकदम, थोडं व्याज लावून. पहिला मार्ग म्हणजे करन्सी स्वॅप. दुसरा म्हणजे रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये केलेला सौदा, ज्याला बाजारात ‘फॉरेक्स स्वॅप’ म्हणतात. रुपया इथे पुण्याचं घर आहे, कारण त्याचं भाडं, म्हणजे व्याज, डॉलरपेक्षा जास्त असतं. डॉलर देऊन तीन वर्षं रुपये वापरायला घेणाऱ्या बँकेने फरक भरायचा, हे ओघानेच आलं.

आता आकडे मांडून पाहू. चाकणमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे असं समजू. कंपनी कल्पित आहे, पण अशी कर्जं खरोखर घेतली जातात. तिने परदेशातून तीन वर्षांसाठी १ कोटी डॉलरचं कर्ज काढलं, व्याज ३ टक्के. कारखान्याची जमीन, यंत्रं, पगार सगळं रुपयांत. विक्रीही देशातच, रुपयांत. कर्ज तेवढं डॉलरमध्ये. डॉलर आज ७० रुपये आहे आणि तीन वर्षांच्या रुपयाचा व्याजदर ७ टक्के आहे असं धरू.

कंपनी एका बँकेशी करन्सी स्वॅप करते. पहिल्या दिवशी ती १ कोटी डॉलर बँकेला देते आणि बँक तिला ७० कोटी रुपये देते. हे पैसे कारखान्यात जातात.

दर वर्षाच्या शेवटी बँक कंपनीला १ कोटी डॉलरवर ३ टक्के, म्हणजे ३ लाख डॉलर देते. कंपनी ते जसेच्या तसे परदेशी सावकाराकडे पाठवते. त्याच दिवशी कंपनी बँकेला ७० कोटींवर ७ टक्के, म्हणजे ४ कोटी ९० लाख रुपये देते. असं तीनदा होतं.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस शेवटच्या व्याजाबरोबर मुद्दल परत फिरतं. बँक १ कोटी डॉलर देते, कंपनी ७० कोटी रुपये देते. डॉलर सावकाराकडे जातात आणि कर्ज फिटतं.

कंपनीच्या हिशोबाच्या वहीत डॉलर येतात आणि तसेच निघून जातात. तिच्या पदरी उरतं ते ७ टक्के व्याजाचं, ७० कोटी रुपयांचं साधं कर्ज. तीन वर्षांनी डॉलर ८० रुपये झाला असता तर स्वॅपविना मुद्दल फेडायला ८० कोटी लागले असते. उलट डॉलर ६४ वर उतरला, तरी स्वॅप केलेल्या कंपनीला ७० कोटीच द्यावे लागतात. रुपयाच्या घसरणीचा धोका आणि वाढीचा फायदा हे दोन्ही सोडून देऊन ती एक ठरलेला आकडा विकत घेते.

मग बँक जुन्या दराने डॉलर परत देते ते फुकट का? नाही. तिची किंमत कंपनी दर वर्षी भरत असते. ३ लाख डॉलर म्हणजे ७० च्या दराने २ कोटी १० लाख रुपये. कंपनी देते ४ कोटी ९० लाख. वर्षाला २ कोटी ८० लाखांचा फरक, तीन वर्षांत ८ कोटी ४० लाख. १ कोटी डॉलरवर वाटला, तर डॉलरमागे ८ रुपये ४० पैसे.

हाच सौदा फॉरेक्स स्वॅप म्हणून केला असता तर परतीचा दर किती निघाला असता? ७० रुपये तीन वर्षं ७ टक्क्यांनी वाढवले की होतात सुमारे ८५ रुपये ७५ पैसे. १ डॉलर तीन वर्षं ३ टक्क्यांनी वाढवला की होतो सुमारे १.०९२७ डॉलर. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की मिळतात ७८ रुपये ४८ पैसे. म्हणजे प्रीमियम ८ रुपये ४८ पैसे. वरच्या ८ रुपये ४० पैशांच्या अगदी जवळ. उरलेले ८ पैसे दोन कारणांनी येतात. करन्सी स्वॅपमध्ये फरक आधीच्या वर्षांत भरला जातो आणि त्यावर पुढचं व्याज चढतं. शिवाय मिळणाऱ्या डॉलर-व्याजाचं रुपयातलं मोल त्या त्या वर्षाच्या दराने मोजावं लागतं. दोन्ही धरून बारकाईने गणित केलं, की दोन्ही वाटा नेमक्या ८ रुपये ४८ पैशांवर येऊन मिळतात.

२०१९ च्या लिलावातल्या ७ रुपये ७६ पैशांचा उलगडा इथे होतो. ६८.८६ वर ७.७६ म्हणजे तीन वर्षांत सव्वाअकरा टक्के, दर साल साडेतीन टक्क्यांहून थोडं जास्त. त्या वेळी रुपया आणि डॉलर यांच्या तीन वर्षांच्या व्याजदरांत जवळपास तेवढंच अंतर होतं.

हा फरक पूर्ण वसूल केला नाही, तर तो नाहीसा होत नाही. कुणाच्या तरी खात्यावर पडतोच. २०१३ मध्ये रुपया झपाट्याने घसरत असताना रघुराम राजन यांनी गव्हर्नरपदाची सूत्रं हाती घेतली आणि अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवींसाठी स्वॅपची एक खास खिडकी उघडली. बँकांनी किमान तीन वर्षांच्या ठेवी परदेशस्थ भारतीयांकडून डॉलरमध्ये घ्यायच्या, ते डॉलर रिझर्व्ह बँकेला देऊन रुपये घ्यायचे, आणि मुदत संपली की उलटं करायचं. त्यासाठी बँकांना लावलेला खर्च होता वर्षाला ३.५ टक्के. बाजारात त्याच संरक्षणाचा दर बराच जास्त होता. नोव्हेंबरअखेरपर्यंत या ठेवींतून सुमारे २,६०० कोटी डॉलर आले. बाजारदर आणि ३.५ टक्के यांच्यातला फरक रिझर्व्ह बँकेने स्वतःवर घेतला होता. डॉलर लवकर यावेत म्हणून दिलेली ती सवलत होती. अमेरिकेत किंवा आखातात नोकरी करणाऱ्या माणसाने तेव्हा आपल्या बँकेत ठेवलेल्या डॉलरमागे हा सौदा उभा होता.

मुद्दल खरोखर दोनदा हलवायची गरज काय, असा प्रश्न इथे पडतो. नुसता फरक दिला तरी चाललं नसतं का? याचं उत्तर स्वॅपच्या पूर्वजांत आहे. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये पौंड देशाबाहेर नेण्यावर सरकारी निर्बंध होते. अमेरिकेत कारखाना असलेल्या ब्रिटिश कंपनीला डॉलर हवेत आणि ब्रिटनमध्ये कारखाना असलेल्या अमेरिकी कंपनीला पौंड, अशा वेळी दोघी एकमेकींना कर्ज देत. ब्रिटिश कंपनी लंडनमध्ये पौंड देई, अमेरिकी कंपनी न्यूयॉर्कमध्ये डॉलर. यांना समांतर कर्जं म्हणत. मुद्दल दोनदा हलायचं, कारण ती खरीखुरी कर्जंच होती.

त्यात एक मोठी खोट होती. करार दोन होते. एकीने आपलं कर्ज बुडवलं, तरी दुसरीचं देणं कायम राहायचं. स्वॅपने ही दोन्ही कर्जं एकाच करारात बांधली. तू दिलंस तर मी देईन, तू थांबलास तर मीही थांबेन, हे त्यात गृहीत आलं. मुद्दलाची ये-जा मात्र त्या जुन्या कर्जांची आहे तशीच राहिली.

या प्रकाराला जगभर ओळख मिळाली ती ऑगस्ट १९८१ मध्ये, आयबीएम आणि जागतिक बँक यांच्या सौद्याने. मध्यस्थ होती न्यूयॉर्कची सॉलोमन ब्रदर्स. आयबीएमने पूर्वी जर्मन मार्क आणि स्विस फ्रँकमध्ये कर्ज काढलं होतं. पुढे डॉलर वधारला आणि डॉलरच्या हिशोबाने ते कर्ज हलकं झालं; हा फायदा तिला पक्का करायचा होता. जागतिक बँकेला मार्क आणि फ्रँकचं स्वस्त कर्ज हवं होतं, पण त्या बाजारांत तिने आधीच इतकी उचल केली होती की आणखी घेणं अवघड झालं होतं. डॉलर मात्र तिला सहज मिळत. तिने २९ कोटी डॉलर उभे केले आणि दोघींनी एकमेकींचे हप्ते भरायचं ठरवलं.

गंमत अशी, की या गाजलेल्या सौद्यात दोघींमध्ये सुरुवातीची अदलाबदल झालीच नाही. आयबीएमचे मार्क आणि फ्रँक कधीच बदलून वापरले गेले होते, आणि जागतिक बँकेने आपले डॉलर बाजारात विकून हवी ती चलनं घेतली. सुरुवातीची देवाणघेवाण अशी वगळता येते, कारण ती त्या दिवशीच्याच दराने होते. बाजारात जाऊन चलन बदलून घेतलं तरी हातात तेवढेच पैसे येतात. चाकणच्या कंपनीने आपले डॉलर दुसऱ्या बँकेत ७० ने विकले असते, तरी काही बिघडलं नसतं.

शेवटची देवाणघेवाण मात्र तशी वगळता येत नाही. स्वॅपचं सगळं संरक्षण तिच्यातच आहे. भारतात ‘कूपन ओन्ली स्वॅप’ नावाचा एक प्रकार विकला जातो. त्यात फक्त व्याजाचे हप्ते बदलले जातात, मुद्दल नाही. तो स्वस्त वाटतो. पण चाकणच्या कंपनीने तो घेतला असता, तर तिचे दर वर्षीचे ३ लाख डॉलर सुरक्षित झाले असते आणि शेवटचे १ कोटी डॉलर उघड्यावर राहिले असते. याच्या उलट ‘प्रिन्सिपल ओन्ली स्वॅप’. त्यात मुद्दलाचा परतीचा दर पक्का होतो आणि व्याजाचे डॉलर कंपनी स्वतः पाहते. आपल्यापुढचा करार नेमका कोणता, हे नावावरून कळत नाही. बँकेने दिलेल्या अटींच्या कागदावर तारखांचा तक्ता असतो. त्याच्या शेवटच्या ओळीत दोन्ही चलनांतलं पूर्ण मुद्दल लिहिलेलं आहे की नाही, ते पाहायचं. ती ओळ नसेल तर मुद्दलाला संरक्षण नाही.

आणखी एक गोष्ट याच शेवटच्या देवाणघेवाणीतून येते. मुदत संपण्यापूर्वी स्वॅपला स्वतःची किंमत येते. दोन वर्षं झाली, दुसरं व्याज देऊन झालं आणि डॉलर ८० वर आहे असं समजू. व्याजदर होते तेवढेच. कंपनीकडे वर्षभराने १ कोटी डॉलर ७० ने घेण्याचा हक्क आहे, बाजारात त्यांची किंमत ८० कोटी. म्हणजे त्या क्षणी स्वॅप कंपनीसाठी १० कोटी रुपयांचा आहे. नेमक्या त्याच वेळी समोरची बँक बुडाली, तर कंपनीचं नुकसान या १० कोटींचं होतं.

फक्त व्याजदर बदलणाऱ्या साध्या स्वॅपमध्ये एवढा धोका नसतो, कारण तिथे मुद्दल कागदावरच असतं आणि हलतो तो व्याजातला फरक. इथे पूर्ण मुद्दल शेवटी यायचं असतं, आणि चलनाचा दर जितका दूर जाईल तितकी एका बाजूची दुसरीकडची येणी फुगत जातात. म्हणून मोठ्या संस्था दर काही दिवसांनी स्वॅपची किंमत काढतात आणि ज्याचं देणं वाढलं असेल त्याच्याकडून तारण घेतात.

हीच किंमत कंपनीवरही उलटू शकते. दोन वर्षांनी डॉलर ६४ वर आला आणि कंपनीने खूश होऊन परदेशी कर्ज मुदतीआधी फेडून टाकलं, असं समजू. ६४ कोटींत १ कोटी डॉलर मिळाले, कर्ज संपलं. पण स्वॅप संपला नाही. तो वेगळा करार आहे, बँकेशी केलेला. त्यानुसार वर्षभराने ७० कोटी देऊन १ कोटी डॉलर घ्यावेच लागतील आणि आता त्या डॉलरची गरज उरलेली नाही. करार मोडायचा तर बँक त्याची बाजारातली किंमत मागेल, म्हणजे ६ कोटी रुपये. कर्जात वाचलेले ६ कोटी स्वॅपमध्ये जातात. कर्ज हप्त्याहप्त्याने फेडायचं असेल आणि स्वॅपमध्ये मुद्दल शेवटी एकदम फिरत असेल, तरी असाच घोटाळा होतो. म्हणून कर्जाच्या आणि स्वॅपच्या तारखा व रकमा ओळीला ओळ लावून जुळवाव्या लागतात.

शेवटच्या दिवसाचीही एक अडचण आहे. रुपये मुंबईत दिले जातात, डॉलर न्यूयॉर्कमध्ये. मुंबईत दुपारी ७० कोटी खात्यातून गेले, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये अजून उजाडायचं असतं. मधल्या तासांत डॉलर देणारा कोसळला तर? २६ जून १९७४ रोजी कोलोनच्या हेरस्टॅट बँकेच्या बाबतीत हे घडलं. तिला त्या दिवशी जर्मनीत मार्क मिळाले होते. दिवसअखेरीस तिचा परवाना रद्द झाला आणि न्यूयॉर्कमध्ये द्यायचे डॉलर थांबले. मार्क देऊन बसलेल्या बँका हात चोळत राहिल्या. अशा जोखमीला आजही हेरस्टॅटचंच नाव आहे. भारतात बँका-बँकांमधल्या रुपया-डॉलर व्यवहारांसाठी मुंबईची क्लिअरिंग कॉर्पोरेशन २००२ पासून मध्ये उभी राहते आणि दोन्ही बाजूंना हमी देते. कंपनी आणि तिची बँक यांच्यातल्या करारात अशी तिसरी बाजू सहसा नसते. तिथे आपली बँक किती भक्कम, हाच आधार.

२०१९ च्या लिलावाकडे परत येऊ. त्यातली किमान बोली अडीच कोटी डॉलरची होती. ७७६ पैशांच्या प्रीमियमने तेवढे डॉलर देणाऱ्या बँकेला २८ मार्च २०१९ रोजी सुमारे १७२ कोटी १५ लाख रुपये मिळाले. परतीची तारीख होती २८ मार्च २०२२. त्या दिवशी तिला अडीच कोटी डॉलरसाठी सुमारे १९१ कोटी ५५ लाख मोजायचे होते, म्हणजे १९ कोटी ४० लाख जास्त.

मधल्या तीन वर्षांत करोना आला आणि युक्रेनचं युद्ध सुरू झालं. २०२२ च्या मार्चअखेरीस बाजारात डॉलर ७६ रुपयांच्या आसपास होता. लिलावातून निघालेल्या ७६.६२ पासून तो फार दूर नव्हता, पण हा योगायोग होता; तो ७२ वर किंवा ८२ वर असता, तरी त्या बँकेला मोजायचे होते ते १९१ कोटी ५५ लाखच.